निवडलेल्या भाजीचा खरा भाव कसा काढायचा

प्रश्न: दादा, मी सांगलीत विश्रामबागला ५० डबे देते. मंडईत फ्लॉवर ४० रुपये किलो मिळाला की त्याच भावानं हिशेब धरते, तरी महिनाअखेरीला पैसे कमी पडतात. निवडून, सोलून भाजी किती उरते हे कसं धरायचं? आणि वाटाणा शेंगांचा घ्यावा की सोललेला?

उत्तर:

ताई, भाव तुम्ही पिशवीतल्या भाजीचा धरताय आणि डब्यात जाते ती निवडलेली भाजी. या दोन वजनांमध्ये जो फरक आहे तेवढेच पैसे तुम्हाला कमी पडताहेत. मी मिरजेच्या एका वसतिगृहाची मेस बघतो आणि आमच्याकडे भाजीचा भाव निवडल्यानंतरच ठरतो. आपल्या भागात कारखान्याच्या उसाचा उतारा सगळ्यांना माहीत असतो, भाजीचाही तसाच उतारा काढायचा. विकत घेतलेल्या वजनातलं किती टक्के शेवटी कढईत पडतं, तो हा उतारा.

आधी फ्लॉवरच घेऊ. पाल्यासकट ५ किलो फ्लॉवर ४० च्या भावानं आणला, म्हणजे २०० रुपये गेले. निवडायला बसल्यावर १ किलो ६५० ग्रॅम पाला निघाला, ४०० ग्रॅम बुडखा आणि जाड दांडा निघाला, २०० ग्रॅम काळं पडलेलं नि अळी लागलेलं काढून टाकलं. उरले २ किलो ७५० ग्रॅम तुरे. पाचातले पावणेतीन, म्हणजे उतारा ५५ टक्के. आता २०० रुपयांना २.७५ नं भागा. ७२ रुपये ७३ पैसे येतात. तुमच्या डब्यातला फ्लॉवर ७३ रुपये किलोचा आहे.

इथं बहुतेक जण एक गडबड करतात. ४५ टक्के वाया गेलं, मग भावात ४५ टक्के मिळवू, असं म्हणून ४० चे ५८ करतात. हे साफ चूक आहे आणि ही चूक नेहमी आपल्याच तोट्याची असते. वाया गेलेल्या भागाचे पैसे उरलेल्या भागाला सोसायचे असतात आणि उरलेला भाग मुळात कमी असतो, म्हणून बोजा जास्त पडतो. भावात टक्के मिळवायचे नाहीत, भावाला उताऱ्यानं भागायचं. ४० ला ०.५५ नं भागलं की ७३ येतात. भाजी जितकी जास्त वाया जाणारी, तितकं या दोन हिशेबांतलं अंतर वाढतं. कांद्या-बटाट्यात ते जाणवत नाही, फ्लॉवर-वाटाण्यात चांगलंच जाणवतं.

किती आणायचं हेही असंच निघतं. डब्यामागे १०० ग्रॅम निवडलेला फ्लॉवर धरला तर ५० डब्यांना ५ किलो लागेल. ५ ला ०.५५ नं भागलं की ९ किलो १०० ग्रॅम येतात. तेवढा पाल्यासकटचा फ्लॉवर आणावा लागेल आणि त्याचे ३६४ रुपये होतील. टक्के मिळवून सव्वासात किलो आणलात तर हाती ४ किलोच येईल आणि डब्यात १०० च्या जागी ८० ग्रॅम पडेल. मग ऐनवेळी बटाटा वाढवावा लागतो. तुमच्या आत्ताच्या हिशेबात या भाजीला २०० रुपये धरलेत, जातात ३६४. आठवड्यातून दोनदा फ्लॉवर केलात तर एवढ्या एकाच भाजीत महिन्याला तेराशे रुपये निसटतात.

आता उतारा मोजायचा कसा ते सांगतो, कारण आकडा तुमच्या हाताखालून निघाला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत प्रत्येक भाजीपुढे खाण्याजोगा भाग किती टक्के हे दिलेलं असतं. आहारातले घटक मोजायला ते उत्तम आहे. पण त्यातला फ्लॉवर आणि तुमच्या मंडईतला पाल्यासकटचा फ्लॉवर एक नव्हे, आणि निवडणारा हातही तुमच्याकडचा आहे. तुमच्याकडे रोज जी बाई निवडते तिनंच, रोजच्या वेगानं निवडावं. चाचणी आहे म्हणून जपून निवडलं की उतारा फुगतो आणि दुसऱ्या दिवसापासून खोटा ठरतो.

निवडताना तीन ढीग करा. एक कामाच्या भाजीचा. दुसरा पाला, साल, देठ, बुडखा यांचा, म्हणजे जे जाणारच होतं त्याचा. तिसरा सडक्या, किडक्या, काळ्या पडलेल्या मालाचा. बहुतेक ठिकाणी शेवटचे दोन ढीग एकाच बादलीत जातात आणि तिथंच सगळी माहिती हरवते. दुसरा ढीग भाजीच्या जातीवर आणि तुमच्या हातावर अवलंबून असतो, तो फारसा हलत नाही. तिसरा ढीग माल देणाऱ्यावर आणि हवामानावर अवलंबून असतो. वरच्या उदाहरणात तिसरा ढीग निघालाच नसता तर २ किलो ९५० ग्रॅम उरले असते आणि भाव ६८ पडला असता. म्हणजे किडक्या मालापायी किलोमागे ५ रुपये गेले. हा आकडा हातात असला की भाजीवाल्याशी बोलता येतं. “माल खराब होता” म्हटलं तर तो हसून सोडून देतो. “पाच किलोत दोनशे ग्रॅम टाकून द्यावं लागलं” म्हटलं की तो पुढच्या वेळी गड्डे उलटून बघून देतो.

उतारा काढताना भागायचं ते ज्याचे पैसे दिले त्या वजनानं, घरी काट्यावर भरलं त्या वजनानं नव्हे. चिठ्ठीवर १० किलो आहे आणि घरी ९ किलो ७०० भरलं, तर भाजक १० च. ती ३०० ग्रॅमची तूटही उताऱ्यातच धरायची, मग ती काट्यातली असो की उन्हात पालेभाजी सुकून झालेली. संध्याकाळी आणून सकाळी निवडत असाल तर रात्रीची घटही त्यात येते. मंडईत फ्लॉवर पुष्कळदा गड्ड्यावर विकतात. तिथं उतारा काढायच्या फंदात पडू नका, सगळ्या गड्ड्यांचे दिलेले पैसे भागिले उरलेलं वजन, एवढंच करा. खरा भाव याच भागाकारातून येतो. टक्केवारी लागते ती उद्याचा भाव आज समजण्यासाठी.

पाण्याचं मात्र फार जपा. निवडायचं, मग वजन करायचं, मग धुवायचं, हाच क्रम ठेवा. मेथी, पालक, कोथिंबीर धुऊन लगेच काट्यावर ठेवली तर पानांत अडकलेलं पाणी भाजी म्हणून मोजलं जातं. माती लागलेल्या बटाट्याचं उलटं असतं. तिथं माती विकत घेतलेल्या वजनात असते, म्हणून ती उताऱ्यात वजा झालीच पाहिजे. बटाटा धुऊन, सोलून, निथळून मग मोजा.

एका वेळच्या मोजणीवर विसंबू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या गाळ्यावरून आणलेल्या मालाची दोन-तीन वेळा मोजणी करा. त्यांची सरासरी काढताना टक्क्यांची बेरीज करून भागू नका. एका दिवशी १० किलोत ५ किलो उरले आणि दुसऱ्या दिवशी २ किलोत १ किलो ४०० ग्रॅम उरले, तर ५० आणि ७० ची सरासरी ६० नाही होत. एकूण १२ किलोत ६ किलो ४०० उरले, म्हणजे ५३ टक्के. वजनांची बेरीज आधी, भागाकार नंतर.

‘कामाची भाजी’ कुठली, हे पदार्थावर ठरतं. फ्लॉवरची भजी करायची तर तुरेच हवेत. रस्सा करायचा तर कोवळा दांडा साल काढून, बारीक चिरून आत जातो आणि छान लागतो. वरच्या ४०० ग्रॅम बुडख्या-दांड्यातला २५० ग्रॅम असा वापरला तर कामाची भाजी ३ किलो झाली, उतारा ६० टक्के आणि भाव ६७ रुपये. कोथिंबिरीचंही तेच. वाटणात देठासकट जाते, वरून पेरायला पानंच लागतात. म्हणून एका भाजीचे दोन उतारे असायला हरकत नाही, वहीत पदार्थाचं नाव तेवढं लिहा. पण त्याच दिवशी, त्याच स्वयंपाकात जे खरंच वापरलं गेलं तेवढंच मोजा. उद्या सूप करू म्हणून बाजूला ठेवलेला दांडा परवा बादलीत जातो. शेजारच्या म्हशीला पाला घातला तर बरंच केलंत, पण हिशेबात त्याचं मोल शून्य.

मंडईत उभं राहून भागाकार करत बसणं जमत नाही, म्हणून उताऱ्याचा गुणक करून ठेवायचा. १०० ला उताऱ्यानं भागा. ५५ चा गुणक १.८२ येतो. भाव कुठलाही असो, त्याला १.८२ नं गुणलं की निवडलेल्या फ्लॉवरचा भाव मिळाला. वजनही याच गुणकानं निघतं, ५ किलो तुरे हवेत तर ५ गुणिले १.८२. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर भाज्यांचे गुणक लिहिलेला कागद आहे आणि मंडईला जाणारा मुलगा तो खिशात घेऊन जातो.

गुणक हातात आला की दोन गाळ्यांची तुलना खरी होते. एका गाळ्यावर पाल्यासकट फ्लॉवर ४०, शेजारी पाला छाटलेला ५०. सगळे ४० कडे वळतात. छाटलेल्याचा उतारा ७५ टक्के मिळत असेल तर गुणक १.३३ आणि भाव ६७ रुपये. पाल्यासकटचा पडला ७३. महाग दिसणारा किलोमागे ६ रुपयांनी स्वस्त निघाला, शिवाय निवडायचं काम कमी आणि पिशवीही हलकी. छाटलेल्याला किती रुपयांपर्यंत हो म्हणायचं हेही काढता येतं. ७३ ला ०.७५ नं गुणा, साधारण ५४-५५ रुपये येतात. त्याच्यावर मागितले तर पाल्यासकटचाच घ्या. छाटलेल्यातला धोका एकच. पाला काढल्यावर गड्डा लवकर काळा पडतो, म्हणून तो त्याच दिवशी वापरणार असाल तरच घ्या.

रिक्षाभाडंसुद्धा गुणायच्या आधी भावात मिळवायचं, कारण टाकून द्यायच्या पाल्याचंही भाडं आपण भरलेलं असतं. २० किलो भाजीला ८० रुपये भाडं दिलं तर किलोला ४ रुपये झाले. ४० चे ४४ झाले, गुणिले १.८२, म्हणजे ८०. भाड्याचे ४ रुपये निवडलेल्या भाजीवर सव्वासात रुपये होऊन बसले. मार्केट यार्डात दहा किलोचा भाव ऐकून भुलताना हमाली आणि भाडं मिळवून मगच मंडईच्या भावाशी ताडून बघा.

पेंडीवर मिळणाऱ्या भाजीत तर किलोचा भावच समोर नसतो. मेथीची एक पेंडी १५ ची, दुसरी २० ची. १५ ची निवडली तर १६० ग्रॅम पानं आणि कोवळे शेंडे निघाले, म्हणजे ९४ रुपये किलो. २० ची भरगच्च होती, तिच्यातून २४० ग्रॅम निघाले, म्हणजे ८३ रुपये किलो. मोठी पेंडी स्वस्त पडली. पण नुसतं पेंडी मोठी दिसते म्हणून घेऊ नका. मुळं लांब आणि मातीत भरलेली असतील, खाली पिवळी पानं दडवलेली असतील, तर तो आकार फसवा असतो. पेंडी मधून फाकवून आतली पानं बघा, आणि खालचा देठ नखानं मोडून बघा. कटकन मोडला तर कोवळा आहे, बराच भाग वापरता येईल. वाकला पण मोडला नाही तर जून झालाय, पानंच ओरबाडून घ्यावी लागणार. पावसाळ्यात पेंडी भिजून जड लागते, पण ते वजन पाण्याचं असतं आणि भिजलेली पानं संध्याकाळपर्यंत चिकट होतात. त्या दिवसांत मेथीचा उतारा वेगळा लिहून ठेवा, हिवाळ्याचा आकडा तिथं चालत नाही. फ्लॉवरलाही ऋतू लागतो. पावसात तुऱ्यावर काळे डाग, उन्हाळ्यात गड्डा पिवळट होऊन सुटलेला, दोन्ही वेळा तिसरा ढीग वाढतो.

बटाट्याचं थोडक्यात सांगतो. त्यात वाया जातं ते जास्त करून हातानं जातं. मध्यम आकाराचा ५ किलो बटाटा सोलाणीनं सोलला तर ४ किलो ३०० उरतो, विळीवर किंवा सुरीनं जाड सोलला तर ३ किलो ९०० वर येतो. २५ च्या भावानं एक २९ रुपये पडतो, दुसरा ३२. बारीक बटाटा दोन रुपयांनी स्वस्त मिळाला तरी कच्चा सोलून वापरायचा असेल तर घेऊ नका, कारण तेवढ्याच वजनाला साल जास्त असते आणि सोलायला वेळही जास्त जातो. उकडून वापरायचा असेल तर बारीक चालतो, उकडल्यावर साल पातळ सुटते. हिरवट पडलेला आणि मोड आलेला बटाटा मात्र तिसऱ्या ढिगात. हिरवा भाग खोल काढावा लागतो आणि फारच हिरवा असेल तर अख्खा टाकावा लागतो. तिथं काटकसर करायची नाही.

वांग्याचा हिशेब मुद्दाम करून बघा. आपल्या कृष्णाकाठच्या वांग्याचं भरलं वांगं करताना देठही ठेवतात, काटे आणि देठाचं टोक तेवढं जातं. उतारा ९२ टक्के धरला तर ६० रुपये किलोचं वांगं ६५ रुपये पडतं. म्हणजे भावाच्या पाटीवर ४० चा फ्लॉवर स्वस्त आणि ६० चं वांगं महाग, आणि कढईत पोचेपर्यंत वांगं स्वस्त झालेलं असतं. आठवड्याची भाजी ठरवताना पाटीवरचे भाव न लावता हे कढईतले भाव शेजारी शेजारी लावा, क्रम बराच बदललेला दिसेल. वांग्यात पोखरणाऱ्या अळीचं बघायला लागतं. वरून तजेलदार दिसणारं वांगं चिरल्यावर आतून काळं निघतं. सालीवर बारीक भोक असलेलं वांगं काट्यावर चढण्याआधीच बाजूला काढा, नाहीतर ९२ चा उतारा ७५ वर यायला वेळ लागत नाही.

आता वाटाण्याचं. यात भाजीबरोबर माणसाचा वेळही विकत घ्यावा लागतो, म्हणून इथं सावकाश समजून घ्या. शेंगा ६० रुपये किलो आहेत. मधल्या हंगामातल्या भरलेल्या शेंगांचा उतारा ४५ टक्के धरला तर दाण्याचा भाव १३३ रुपये होतो. हंगामाच्या सुरुवातीला शेंगा हिरव्यागार, पण आत दाणा भरलेला नसतो. उतारा ३५ पर्यंत खाली गेला तर त्याच ६० रुपयांच्या शेंगांतला दाणा १७१ रुपये पडतो. भाव तोच आणि भाजी किलोमागे ३८ रुपयांनी महाग, म्हणून वाटाण्यात शेंग दाबून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बोटाखाली दाणे एकमेकांना टेकलेले लागले पाहिजेत. शेंग चपटी लागली किंवा दाबल्यावर हवा असल्यासारखी पिचकली तर ती पोकळ आहे. हंगाम संपताना उलट होतं, शेंग पिवळट, सुरकुतलेली, दाणा गच्च. तिथं उतारा कागदावर छान येतो पण दाणा पिठूळ आणि निबर असतो, शिजायला गॅस जातो. फक्त टक्का बघून असा माल घेऊ नका. जास्त घ्यायच्या असतील तर आधी पाव किलो घेऊन तिथंच सोला. ११० ग्रॅमच्या आसपास दाणे निघाले तर माल ४५ चा आहे, ९० च्या खाली आले तर पुढचा गाळा बघा.

आता सोलायची मजुरी. आमच्याकडे एक बाई तासाला साधारण ३ किलो शेंगा सोलते, त्यातून १ किलो ३५० ग्रॅम दाणे निघतात. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर दाण्याला किलोमागे ४४ रुपये लागले. १३३ आणि ४४, म्हणजे १७७. त्या सकाळी मंडईत सोललेला वाटाणा १६० ला मिळत असेल तर तो १७ रुपयांनी स्वस्त आहे, जरी पाटीवर तो शेंगांच्या अडीच-पावणेतीनपट दिसला तरी.

मजुरीला माणूस ठेवलेला नसेल, तुम्ही स्वतःच सोलत असाल, तर प्रश्न उलटा विचारा. सोललेला १६०, शेंगांतून १३३, किलोमागे वाचले २७ रुपये. एक किलो दाणे काढायला पाऊण तास जातो. म्हणजे सोलत बसलात तर तासाला ३६ रुपये मिळवलेत. तेवढ्या वेळात तुम्ही पोळ्या लाटून संपवत असाल किंवा दोन डबे वाढवू शकत असाल तर सोललेलाच घ्या. ५० डब्यांना ६० ग्रॅम दाणे धरले तर ३ किलो दाणे लागतात, म्हणजे पावणेसात किलो शेंगा आणि सव्वादोन तास. सकाळचे सव्वादोन तास डब्याच्या धंद्यात कुठून काढणार, हे आधी बघा.

भर हंगामात शेंगा ४० वर आल्या की चित्र फिरतं. दाणा ८९ रुपये पडतो. सोललेला १६० च्या जागी १३५ ला जरी मिळाला तरी किलोमागे ४६ वाचतात, म्हणजे तासाला ६२ रुपये. मग घरी सोलणं परवडतं, विशेषतः संध्याकाळी हात मोकळे असतील तर. शेंगांबरोबर सोललेल्याचा भावही उतरतो, म्हणून दोन्ही भाव एकाच सकाळचे, एकाच मंडईतले घेऊनच हा हिशेब मांडा. आठवड्यापूर्वीचा एक आणि आजचा एक, असं केलंत तर उत्तर चुकीचं येणार.

सोललेला घेताना तो खरंच ताजा आहे ना हे बघा. सुका वाटाणा भिजवून, कधी रंग देऊन ताजा म्हणून विकला जातो. भिजवलेल्या दाण्याला हिरवी गोडी नसते, चावल्यावर पिठूळ लागतो. रंगाची परीक्षा सोपी आहे. थोडे दाणे काचेच्या ग्लासात पाण्यात घालून हलवा आणि अर्धा तास ठेवा, पाण्यात हिरवा रंग उतरला तर तो माल डब्यात घालू नका. सोललेला वाटाणा पाणी मारूनही ठेवतात, म्हणून परडीच्या तळाशी हात घालून बघा आणि घरी निथळून पुन्हा वजन करा. फ्रोजन वाटाण्याचंही तसंच. पाकिटावरचं वजन न धरता, बर्फ सुटून पाणी निथळल्यावर जे भरेल त्यानं पाकिटाच्या किमतीला भागा. तो आधीच वाफवलेला असल्यामुळे लवकर शिजतो, एवढा गॅस वाचतो, पण फ्रीझरमध्ये जागा असेल आणि वीज जाणारी नसेल तरच तो तुम्हाला परवडेल.

हा सगळा उतारा कच्च्या, निवडलेल्या भाजीपर्यंतचा आहे. शिजल्यावर मेथी खाली बसते, रस्सा पाण्यानं वाढतो, त्याचा हिशेब वेगळा ठेवा आणि या टक्क्यात मिसळू नका. डब्यात तुम्ही डावानं वाढता, म्हणून एकदा शिजलेली भाजी पातेल्यासकट तोला, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा आणि किती डाव निघाले ते लिहा. कच्च्या निवडलेल्या भाजीचा खर्च त्या डावांनी भागला की एका डावाचे पैसे मिळतील, डब्यात जितके डाव वाढता तितक्यानं ते गुणले की एका डब्यातल्या भाजीचे, त्यात तेल-मसाला आणि गॅस मिळवायचा. कांदा, टोमॅटो, भेंडी यांच्यासाठी सुरुवातीला एवढा खटाटोप नको, त्यांत वाया जाणं थोडं असतं. आधी फ्लॉवर, वाटाणा, मेथी आणि कोथिंबीर या चारांचे उतारे काढा, आणि पाऊस सुरू झाला की या चारांची मोजणी पुन्हा करा.